हाताने लिहिलेले सॉर्टिंग : शेवटच्या स्पर्धकाची नोंद जागची हलतच नाही

छत्रीबागकर (इंदूर)

नमस्कार. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवातील स्पर्धांचे निकाल लावण्यासाठी एक छोटे वेबपान वापरले जाते. ते पूर्वीच्या एका कार्यकर्त्याने लिहिले होते आणि आता ते माझ्याकडे आले आहे. याच पानावर वर्गणीच्या पावत्या क्रमाने लावल्या जातात आणि तिथे आजवर कधीही गडबड झालेली नाही. यंदा वक्तृत्व स्पर्धेचे गुण उतरत्या क्रमाने लावण्यासाठी तेच फंक्शन, फक्त तुलनेचे चिन्ह उलट करून, वापरले. तेव्हा सर्वांत शेवटी नाव नोंदवलेल्या मुलीला ४७ गुण असूनही ती यादीच्या तळाशी राहिली. परीक्षकांच्या कागदाशी ताडून पाहणाऱ्या एका ताईंच्या हे वेळीच लक्षात आले, म्हणून निकाल चुकीचा जाहीर झाला नाही.

कोड असा आहे :

```javascript
function sortMarks(a) {
  const n = a.length;
  for (let i = 1; i < n; i++) {
    for (let j = 0; j < n - i - 1; j++) {
      if (a[j].marks < a[j + 1].marks) {
        [a[j], a[j + 1]] = [a[j + 1], a[j]];
      }
    }
  }
}
```

नोंदणीच्या क्रमाने गुण 31, 42, 38, 27, 44, 47 असे होते आणि फंक्शन चालल्यावर यादी 44, 42, 38, 31, 27, 47 अशी आली. पहिल्या पाच नोंदी अगदी बरोबर लागल्या आहेत, सहावी मात्र आहे तिथेच आहे. बाहेरचा लूप एकदा जास्त फिरवून पाहिला, तरी फरक पडला नाही. जे फंक्शन पावत्यांसाठी इतका काळ बिनचूक चालले, ते इथे का चुकावे, हे मला समजून घ्यायचे आहे.

स्नेहलतागंज (इंदूर)

मला वाटते की आपले गुण आकडे म्हणून नव्हे, तर अक्षरे म्हणून साठवले जात असावेत. आमच्या वसाहतीच्या पाणीपट्टीच्या यादीत घरांचे क्रमांक 1, 10, 11, 2, 3 असे लागत होते. पुष्कळ शोध घेतल्यावर कळले की फॉर्ममधून आलेली किंमत ही नेहमी अक्षरांच्या स्वरूपात येते आणि अक्षरांची तुलना डावीकडून एकेक करून होते, त्यामुळे "8" हे "47" पेक्षा मोठे ठरते. आम्ही प्रत्येक किमतीला `Number()` लावले आणि प्रश्न सुटला. आपणही तेच करून पाहावे.

दांडियाबझार (वडोदरा)

चूक सरळ दिसते आहे. आतल्या लूपमध्ये `j < n - i - 1` ऐवजी `j <= n - i - 1` करा, म्हणजे एक तुलना वाढेल आणि शेवटची नोंदही हिशेबात येईल. मर्यादा एकाने कमी पडत असेल तर `<` चे `<=` करायचे, हा माझा नेहमीचा उपाय आहे. आमच्या इथल्या एका दुकानाच्या उधारीच्या यादीत मी नुकताच तो केला, मात्र तिथे अजून तळाची एक नोंद अधूनमधून चुकीच्या जागी दिसते. ती बहुधा मूळ डेटातलीच चूक असावी.

पळसीकर_कॉलनी (इंदूर)

स्नेहलतागंज काका, आपण सांगितलेली अडचण खरी आहे आणि फॉर्ममधून गुण घेताना `Number()` लावणे योग्यच आहे. परंतु इथले सर्व गुण दोन अंकी आहेत आणि सारख्या लांबीच्या आकड्यांची अक्षरे म्हणून तुलना केली तरी क्रम बरोबरच येतो. शिवाय तसे असते तर गोंधळ यादीत कुठेही दिसला असता. इथे पहिल्या पाच नोंदींत एकही चूक नाही आणि सहावी मात्र पूर्णपणे सुटली आहे, त्यामुळे तुलनेपेक्षा लूपच्या मर्यादेवर संशय घ्यायला हवा.

छत्रीबागकर, पहिली फेरी कागदावर लिहून पाहू. n ची किंमत ६ आणि i ची १ आहे, म्हणजे मर्यादा 6 - 1 - 1 = 4, आणि j ला ०, १, २, ३ एवढ्याच किमती मिळतात. प्रत्येक वेळी आपण j आणि j + 1 या जागा ताडतो, म्हणून सर्वांत पुढची तुलना इंडेक्स ३ आणि ४ यांची होते. इंडेक्स ५ वर ४७ गुण आहेत आणि तिथे कोणी पोहोचतच नाही. फेरीनंतर यादी 42, 38, 31, 44, 27, 47 अशी होते. या फेरीत २७ एक घर सरकून पाचव्या जागी आले, पण त्याची ४७ शी जी गाठ पडायला हवी होती ती पडलीच नाही.

पुढच्या प्रत्येक फेरीत मर्यादा आणखी एकाने कमी होते : ३, २, १ आणि शेवटी शून्य. पहिल्या फेरीत जी जागा सुटली ती नंतरच्या कोणत्याही फेरीत सापडण्याची शक्यताच नाही, कारण पहिली फेरी हीच सर्वांत रुंद असते. बाहेरचा लूप आपण वाढवूनही उपयोग झाला नाही, त्याचे कारण हेच आहे. जास्तीच्या फेरीत मर्यादा ऋण होते आणि आतला लूप एकदाही चालत नाही. थोडक्यात, हे फंक्शन सहा नोंदींची यादी घेते आणि पहिल्या पाचच नोंदी लावते. त्या पाच मात्र निर्दोष लावते आणि म्हणून यादी वरवर बरोबर दिसते.

ही जास्तीची वजाबाकी कुठून आली, तेही पाहण्यासारखे आहे. बाहेरचा लूप ० पासून सुरू केला तर पहिल्या फेरीत i शून्य असतो आणि `n - i - 1` ही मर्यादा अचूक ठरते, कारण तो एक वजा करणे `a[j + 1]` साठी आवश्यक असते. बाहेरचा लूप १ पासून सुरू केला, तर तोच एक i मध्ये आधीच आलेला असतो आणि मर्यादा `n - i` हवी. दोन्ही पद्धती प्रचलित आहेत आणि आपापल्या जागी बरोबर आहेत. या कोडमध्ये सुरुवात एका पद्धतीची आणि मर्यादा दुसऱ्या पद्धतीची आहे, त्यामुळे एक दोनदा वजा झाला.

पावत्यांच्या बाबतीत ही चूक का दिसली नाही, याचे उत्तर डेटात आहे. पावत्या पुस्तकातून क्रमानेच फाटतात, आणि चढत्या क्रमाच्या यादीत शेवटी टाकलेली पावती हीच सर्वांत मोठ्या क्रमांकाची असते. शेवटची नोंद मुळातच योग्य जागी असल्यामुळे तिला हात न लावणारे फंक्शन आणि बरोबर फंक्शन यांचे उत्तर एकच येते. गुणांना मात्र नोंदणीच्या क्रमाशी काही देणेघेणे नसते. सहा जणांचे गुण वेगवेगळे असतील आणि क्रम यादृच्छिक असेल, तर शेवटच्या स्पर्धकाला सर्वांत कमी गुण असण्याची शक्यता सहात एक एवढीच आहे. उरलेल्या पाचांत निकाल चुकणारच.

छत्रीबागकर (इंदूर)

पळसीकर ताई, मनापासून आभार. पावत्यांचा उलगडा वाचल्यावर मी मुद्दाम एक जुनी, लहान क्रमांकाची पावती यादीच्या शेवटी टाकून पाहिली, आणि खरोखरच ती तळाशीच राहिली. म्हणजे चूक पहिल्यापासून होती.

आता दोन प्रश्न आहेत. दांडियाबझार यांनी सुचवलेला `<=` चा बदल केला तर माझी यादी बरोबर लागते, मग तोच ठेवावा का? आणि दुरुस्ती पूर्ण झाली आहे, अशी खात्री कशी करून घ्यावी?

पळसीकर_कॉलनी (इंदूर)

आपल्या कोडमध्ये `j <= n - i - 1` आणि `j < n - i` यांचा अर्थ तंतोतंत एकच आहे, त्यामुळे उत्तर बरोबर येईल. तरीही मी दुसरे रूप ठेवीन. एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९८२ मधल्या आपल्या एका हस्तलिखित टिपणात मोजणी शून्यापासून का करावी हे मांडले आहे. खालची मर्यादा धरावी आणि वरची सोडावी, म्हणजे दोन मर्यादांची वजाबाकी हीच थेट संख्या मिळते, असा त्यातला एक आधार आहे. `j = 0; j < n - i` असे लिहिले की फेरीत n - i तुलना होणार हे पाहताक्षणीच समजते : सहा नोंदी, पहिल्या फेरीत पाच तुलना. `<=` आणि वजा एक एकत्र आले की वाचणाऱ्याला दर वेळी मनात हिशेब करावा लागतो.

आणखी एक धोका सांगते. या फंक्शनमध्ये `<` तीन ठिकाणी आहे : दोन लूपमध्ये आणि एक गुणांच्या तुलनेत. घाईत कोणी तुलनेतल्या `<` चे `<=` केले, तर समान गुण असलेल्या दोघांचीही अदलाबदल होऊ लागेल आणि आधी नाव नोंदवलेला स्पर्धक खाली जाऊ शकेल. सध्याच्या रूपात समान गुणांचे स्पर्धक नोंदणीच्या क्रमानेच राहतात, ते तसेच राहू द्यावे.

दांडियाबझार, आपला उपाय इथे लागू पडतो, पण तो नियम म्हणून धरता येणार नाही. मर्यादा आधीच `j < n - i` अशी बरोबर असेल आणि तिथे `<=` केले, तर `a[n]` वाचले जाईल, जे अस्तित्वातच नाही. नोंदी ऑब्जेक्ट असतील तर `Cannot read properties of undefined` असा संदेश येऊन काम थांबेल, आणि तेही एका अर्थी बरेच. नुसते आकडे असतील तर `undefined` शी केलेली तुलना खोटी ठरते, अदलाबदल होत नाही आणि चूक मुकाट्याने आत राहते. आपल्या उधारीच्या यादीत तळाची नोंद अजून चुकते म्हणता, तर तो कोड इथे द्याल का? ती डेटाची चूक असेल असे मला वाटत नाही.

दांडियाबझार (वडोदरा)

देतो. माझ्या बदलापूर्वीचे रूप असे होते :

```javascript
let n = a.length - 1;
for (let i = 1; i <= n; i++)
  for (let j = 0; j < n - i - 1; j++)
    // तुलना आणि अदलाबदल
```

यात मी फक्त आतल्या `<` चे `<=` केले. त्यापूर्वी तळाच्या दोन नोंदी चुकत होत्या, आता एकच चुकते, म्हणून मी अर्धे काम झाले असे समजून पुढे गेलो होतो.

पळसीकर_कॉलनी (इंदूर)

हे उदाहरण फार उपयोगी आहे, कारण यात तोच एक तीन ठिकाणी वजा झाला आहे. n ही नोंदींची संख्या नसून शेवटचा इंडेक्स आहे, हे पहिले. i ची सुरुवात १ पासून आहे, हे दुसरे. आणि मर्यादेत पुन्हा `- 1` आहे, हे तिसरे. गरज एकाचीच आहे, म्हणून दोन जास्त झाले आणि बरोबर दोन नोंदी बाहेर राहिल्या. `<=` ने त्यांतला एक परत दिला. दुसरा परत मिळण्यासाठी `n = a.length` करावे, बाहेरचा लूप `i < n` पर्यंत न्यावा आणि आतली मर्यादा `j < n - i` ठेवावी.

छत्रीबागकर यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातूनच निघते. तुलना किती झाल्या ते मोजा. आतल्या लूपमध्ये एक `count++` टाकला की पुरे. सहा नोंदींसाठी 5 + 4 + 3 + 2 + 1 = 15 तुलना व्हायला हव्यात. आपल्या मूळ कोडमध्ये त्या १० होतील आणि १० हा पाच नोंदींचा आकडा आहे. दांडियाबझार यांच्या मूळ कोडमध्ये ६ होतील, म्हणजे चारच नोंदी पाहिल्या गेल्या. आलेल्या आकड्यावरून किती नोंदी बाहेर राहिल्या हे थेट कळते, आणि त्यासाठी डेटा कसा आहे याचा विचारही करावा लागत नाही.

याहून सोपी चाचणी म्हणजे दोनच नोंदींची उलटी लावलेली यादी. आपल्या मूळ कोडमध्ये n दोन असताना मर्यादा 2 - 1 - 1 = 0 होते आणि फंक्शन एकही तुलना न करता परत येते. मोठ्या यादीत एका कोपऱ्यात लपणारी चूक दोन नोंदींत उघडी पडते. लोक सॉर्टिंग तपासायला वीस-तीस आकडे घेतात आणि वरचे काही नजरेखालून घालतात. मी नेहमी शून्य, एक, दोन आणि तीन नोंदींपासून सुरुवात करते.

लष्कर_ग्वाल्हेर

माझी अडचण थोडी वेगळी आहे, पण याच धाग्यात बसेल असे वाटते. महाविद्यालयात सी भाषेत लायब्ररीचे फंक्शन न वापरता सॉर्टिंग लिहायला सांगितले होते. माझ्या कोडमध्ये शेवटची नोंद बरोबर लागते, पण तिच्या आधीच्या चुकतात.

```c
for (i = 0; n > 1; i++, n--)
  for (j = 0; j < n - 1 - i; j++)
    /* चढता क्रम */
```

6 5 4 3 2 1 दिल्यावर 3 4 2 5 1 6 येते. आपण सांगितल्याप्रमाणे तुलना मोजल्या तर ९ आल्या. हा आकडा १५, १०, ६ यांपैकी कुठलाच नाही. शिवाय मित्राने n चा प्रकार `int` ऐवजी `size_t` केला, तर त्याच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम मध्येच कोसळतो.

पळसीकर_कॉलनी (इंदूर)

९ हा आकडा त्या मालिकेत बसत नाही, हीच या चुकीची खूण आहे. आपली पहिली फेरी पूर्ण रुंदीची आहे : पाच तुलना झाल्या आणि ६ तळाशी गेला. परंतु फेरी संपल्यावर i वाढतो आणि n घटतो, त्यामुळे मर्यादा एकाऐवजी दोनाने आकसते आणि तुलना 5 + 3 + 1 अशा होतात. दुसऱ्या फेरीत यादी 4 3 2 5 1 6 अशी होते. इंडेक्स ४ वरच्या १ ला पहिल्या फेरीनंतर कोणी स्पर्शच केला नाही. फेरीगणिक एकच जागा पक्की होत असते, म्हणून मर्यादाही एकानेच कमी व्हायला हवी. i किंवा n यांपैकी एकच बदलू द्या. n घटवत असाल, तर मर्यादा नुसती `n - 1` ठेवा.

मित्राच्या लॅपटॉपवर जे होते त्याचे मूळही तेच आहे. चौथ्या फेरीत n तीन आणि i तीन होतो आणि 3 - 1 - 3 चे उत्तर उणे एक येते. `int` मध्ये त्यामुळे लूप चालत नाही, एवढेच. `size_t` ला ऋण संख्या माहीत नाही, तिथे उणे एकाची जागा एक अतिप्रचंड धन संख्या घेते आणि लूप अ‍ॅरेच्या बाहेरची मेमरी वाचत सुटतो. `int` वर परतल्याने कोसळणे थांबेल, पण क्रम चुकीचाच राहील.

स्नेहलतागंज (इंदूर)

एवढ्या बारकाईने हाताने लिहिण्याची गरज काय, हा माझा साधा प्रश्न आहे. `a.sort((x, y) => y.marks - x.marks)` एवढ्या एका ओळीत काम होते आणि मर्यादेचा प्रश्नच उरत नाही.

छत्रीबागकर (इंदूर)

काका, आपले म्हणणे मला पटते. अडचण समान गुणांची आहे. आमच्याकडे गुण समान असतील तर आधी नोंदणी करणाऱ्याचे नाव वर, असा पूर्वीपासूनचा नियम आहे आणि कार्यालयातला संगणक बराच जुना आहे.

पळसीकर_कॉलनी (इंदूर)

जावास्क्रिप्टच्या २०१९ च्या प्रमाणात समान नोंदींचा मूळ क्रम राखणे `sort` वर बंधनकारक केले गेले आणि क्रोममध्ये ते आवृत्ती ७० पासून पाळले जाते. त्याआधीच्या क्रोममध्ये दहापर्यंतच्या यादीत क्रम टिकत असे, त्याहून मोठ्या यादीत त्याची हमी नव्हती. संगणकावरचा ब्राउझर त्यानंतरचा असेल तर काकांची ओळ खुशाल वापरावी. जुना असेल तर तुलनेत नोंदणी क्रमांकही घ्यावा, किंवा दुरुस्त केलेले फंक्शन ठेवावे. शंभर नोंदींना ४,९५० तुलना लागतात आणि तेवढ्याने जुन्या संगणकालाही काही फरक पडत नाही.

दांडियाबझार (वडोदरा)

`a.length` आणि `n - i` करून पाहिले. उधारीची यादी आता बरोबर लागते. मात्र मी अजूनही काकांच्या बाजूचा आहे. जे फंक्शन पुढच्या माणसाच्या हाती जाणार आहे, त्यात जितके कमी लूप तितके चांगले.

पळसीकर_कॉलनी (इंदूर)

ज्या यादीवर पैसे किंवा बक्षिसे अवलंबून आहेत, तिथे मीही तेच म्हणेन. पण लष्कर यांना परीक्षेत हाताने लिहावेच लागणार आहे, आणि अशी फंक्शने जुन्या पानांमध्ये पुष्कळ आहेत, त्यामुळे ती वाचता आली पाहिजेत.

छत्रीबागकर, मागच्या वर्षीच्या स्पर्धांचे निकालही याच पानावर लावले होते का? असतील, तर ते तपासणे सोपे आहे. या चुकीत शेवटची ओळ सोडून बाकी सर्व क्रमाने असते, म्हणून पूर्ण यादी असेल तर फक्त तळाच्या दोन ओळी पाहाव्यात. शेवटच्या ओळीतले गुण तिच्या वरच्या ओळीपेक्षा जास्त असतील, तर त्या यादीत एक स्पर्धक चुकीच्या जागी आहे.

छत्रीबागकर (इंदूर)

चित्रकला आणि पाककृती या दोन स्पर्धा मागच्या वर्षी याच पानावर होत्या, हे आज विचारून घेतले. तेव्हा गुणांसाठी लिहिलेली वेगळी प्रत वापरली होती आणि तिच्यातही मर्यादा हीच आहे. पाककृतीची पूर्ण यादी मिळाली. तिच्यात शेवटच्या स्पर्धकाला खरोखरच सर्वांत कमी गुण आहेत, त्यामुळे तो निकाल योग्य आहे. चित्रकलेच्या फाइलमध्ये मात्र पहिली तीनच नावे जपून ठेवली आहेत आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही. परीक्षकांच्या मूळ गुणपत्रिका आमच्या तेव्हाच्या चिटणिसांकडे असतील असे समजते. त्या मिळाल्या आणि शेवटी नोंदणी केलेल्या मुलाचे गुण तिसऱ्या क्रमांकापेक्षा जास्त निघाले, तर एक वर्षानंतर निकाल दुरुस्त करावा की नाही, यावर कार्यकारिणीत आत्ताच दोन मते पडली आहेत. माझे मत दुरुस्त करावा असे आहे आणि मी ते बैठकीत मांडणार आहे.